सीजीपीए कसा काढायचा आणि एखाद्या कोर्सचे क्रेडिट चुकले असेल तर ते कसे ओळखायचे?

शिष्यवृत्तीच्या नूतनीकरणाचा अर्ज भरताना एक छोटासा रकाना येतो: मागील परीक्षेतील टक्केवारी. तुमच्या हातातल्या गुणपत्रकावर मात्र टक्केवारी नसते. तिथे ग्रेड असतात, क्रेडिट असतात आणि तळाशी 5.55 किंवा 7.20 असा एक आकडा असतो. राष्ट्रीय शैक्षणिक धोरण 2020 नंतर देशभरातल्या विद्यापीठांनी अभ्यासक्रमांची रचना क्रेडिटवर आधारित केली आहे. शिष्यवृत्तीच्या अनेक योजनांच्या अटी मात्र अजून टक्क्यांतच आहेत. या दोन भाषांमधले भाषांतर शेवटी विद्यार्थ्यालाच करावे लागते.

महाविद्यालयीन व विद्यापीठीय विद्यार्थ्यांसाठी केंद्राची जी शिष्यवृत्ती आहे, म्हणजे पीएम-यूएसपी खालील केंद्रीय क्षेत्र योजना, तिचेच उदाहरण घेऊ. पदवीच्या पहिल्या तीन वर्षांत दरवर्षी 12,000 रुपये थेट बँक खात्यात येतात. पुढच्या वर्षी ही रक्कम चालू राहण्यासाठी मागील वर्षात किमान 50 टक्के गुण आणि किमान 75 टक्के हजेरी लागते. तुमची टक्केवारी 70 किंवा 80 असेल, तर ग्रेडच्या हिशोबात थोडेफार मागेपुढे झाले तरी फरक पडत नाही. पण जो विद्यार्थी 48 ते 53 च्या पट्ट्यात आहे, त्याच्या बाबतीत एका कोर्सचे वजन चुकीचे धरले गेले तर तो पात्रतेच्या यादीतून बाहेर पडू शकतो. पेपर चांगला गेलेला असतो, ग्रेडही बरोबर असतो, चुकलेला असतो फक्त गुणाकार.

म्हणून हा गुणाकार स्वतः करून पाहायला शिका. त्याला वही, पेन आणि अर्धा तास पुरतो.

आकडा कसा तयार होतो?

विद्यापीठ अनुदान आयोगाच्या 10 अंकी पद्धतीत प्रत्येक ग्रेडला एक ठरलेला अंक असतो. त्यालाच ग्रेड पॉइंट म्हणतात. ओ म्हणजे 10, ए प्लस म्हणजे 9, ए म्हणजे 8, बी प्लस 7, बी 6, सी 5, पी म्हणजे काठावर उत्तीर्ण 4, आणि एफ म्हणजे अनुत्तीर्ण 0. परीक्षेला गैरहजर राहिलात तरी 0 च. काही विद्यापीठांचा तक्ता थोडा वेगळा असतो. तुमचा तक्ता बहुधा गुणपत्रकाच्या मागच्या बाजूला छापलेला असतो, तोच वापरा.

क्रेडिट, म्हणजे श्रेयांक, हे त्या कोर्सचे वजन. आयोगाच्या आराखड्यात वर्गातल्या शिकवणीचे 15 तास म्हणजे 1 क्रेडिट, आणि प्रात्यक्षिकाचे 30 तास म्हणजे 1 क्रेडिट. हा फरक नीट लक्षात ठेवा, कारण घोटाळ्याचे एक मूळ इथेच आहे. सत्रात 60 तास शिकवलेला थिअरीचा कोर्स 4 क्रेडिटचा होतो, पण 60 तासांचे प्रात्यक्षिक 2 क्रेडिटचेच असते. नोंद करणाऱ्याने नुसते तास पाहिले तर प्रात्यक्षिकालाही 4 क्रेडिट लागतात.

आता कृती. प्रत्येक कोर्सचे क्रेडिट आणि ग्रेड पॉइंट यांचा गुणाकार करायचा. सगळ्या गुणाकारांची बेरीज करायची. तिला एकूण क्रेडिटने भागायचे. येतो तो त्या सत्राचा एसजीपीए. सगळ्या सत्रांचे गुणाकार एकत्र करून सगळ्या सत्रांच्या एकूण क्रेडिटने भागले की सीजीपीए. दोन्हींत फरक एवढाच, की पहिला एका सत्राचा आणि दुसरा आतापर्यंतच्या सगळ्या सत्रांचा.

अनेक जण सत्रांच्या एसजीपीएंची साधी सरासरी काढतात आणि फसतात. एका सत्रात 24 क्रेडिट आणि एसजीपीए 6.00, दुसऱ्यात 16 क्रेडिट आणि एसजीपीए 8.00 असेल, तर साधी सरासरी 7.00 येते. खरा हिशोब असा: 24 गुणिले 6 म्हणजे 144, 16 गुणिले 8 म्हणजे 128, बेरीज 272, भागिले 40, म्हणजे 6.80. दोन्ही सत्रांची क्रेडिट सारखी असतील तरच साधी सरासरी चालते. तेव्हा सीजीपीए तपासताना आधी प्रत्येक सत्राची एकूण क्रेडिट लिहून काढा.

एक सत्र पूर्ण तपासू

समजा, पदवीच्या पहिल्या वर्षाला असलेल्या एका विद्यार्थिनीचा पहिल्या सत्राचा निकाल ऑनलाइन लागला आहे. पडद्यावर कोर्सची नावे, ग्रेड आणि खाली एसजीपीए 5.55 एवढेच दिसते. प्रत्येक कोर्सचे क्रेडिट निकालात दिलेले नाही, आणि असे पुष्कळदा असते. मग ती आपल्या प्रवेशवर्षाची अभ्यासक्रम रचना काढते. विद्यापीठाच्या संकेतस्थळावर किंवा विभागाच्या सूचनाफलकावर ती मिळते. त्यातून क्रेडिट उचलून ती असा तक्ता बनवते:

| कोर्स | क्रेडिट | ग्रेड | ग्रेड पॉइंट | गुणाकार |
|---|---|---|---|---|
| मुख्य विषय, थिअरी | 4 | सी | 5 | 20 |
| मुख्य विषय, प्रात्यक्षिक | 2 | बी प्लस | 7 | 14 |
| गौण विषय | 4 | ए | 8 | 32 |
| बहुविद्याशाखीय कोर्स | 3 | सी | 5 | 15 |
| भाषा | 2 | बी | 6 | 12 |
| कौशल्य कोर्स | 3 | बी | 6 | 18 |
| मूल्यवर्धित कोर्स | 2 | पी | 4 | 8 |
| एकूण | 20 | | | 119 |

119 भागिले 20 म्हणजे 5.95. निकालात मात्र 5.55 आहे. अपूर्णांक सोडल्यामुळे एवढा फरक पडत नाही, पडला तर 0.01 चा पडतो. इथे कुठेतरी चूक आहे, तिच्या तक्त्यात किंवा विद्यापीठाच्या.

आता उलटा हिशोब करायचा. छापलेल्या एसजीपीएला एकूण क्रेडिटने गुणा: 5.55 गुणिले 20 म्हणजे 111. संगणकाने गुणाकारांची बेरीज 111 धरली आहे, तिची स्वतःची बेरीज 119 आहे. म्हणजे 8 गुण हरवले आहेत. या 8 आकड्यावरूनच चूक कुठे आहे ते कळते.

आधी एक साधी शक्यता तपासून बाजूला ठेवू. एखादा ग्रेडच चुकीचा गेला असेल तर? निकालातले सातही ग्रेड आणि तिच्या तक्त्यातले ग्रेड एकच आहेत, तेव्हा ते नाही. मग क्रेडिटच इकडचे तिकडे झाले असणार. दोन कोर्सची क्रेडिट आपसात बदलली, तर एकूण क्रेडिट 20 च राहते. म्हणून एकूण पाहून ही चूक कधीच सापडत नाही. अशा अदलाबदलीत हरवलेले गुण म्हणजे क्रेडिटमधला फरक गुणिले ग्रेड पॉइंटमधला फरक. तिच्या रचनेत कोर्स 4, 3 आणि 2 क्रेडिटचे आहेत, त्यामुळे क्रेडिटमधला फरक 2 किंवा 1 च असू शकतो. फरक 1 असेल तर ग्रेड पॉइंटमध्ये 8 चा फरक लागेल, आणि तिच्या निकालात सगळ्यात वरचा अंक 8 व सगळ्यात खालचा 4, तेव्हा ते शक्य नाही. फरक 2 असेल तर ग्रेड पॉइंटमध्ये 4 चा फरक हवा. 4 क्रेडिटचा आणि 2 क्रेडिटचा अशा दोन कोर्सच्या जोड्या लावून पाहिल्या, तर 4 चा फरक फक्त एकाच जोडीत सापडतो: गौण विषयात 8 आणि मूल्यवर्धित कोर्समध्ये 4.

पडताळा घेऊ. गौण विषयाला 2 क्रेडिट धरली तर 16, मूल्यवर्धित कोर्सला 4 धरली तर 16, दोघांचे मिळून 32. बरोबर हिशोबात 32 आणि 8 मिळून 40 होते. फरक 8. तिचा सर्वांत चांगला ग्रेड अर्ध्या वजनाने मोजला गेला आणि सर्वांत कच्चा ग्रेड दुप्पट वजनाने.

अशी अदलाबदल होण्याची कारणे कुणाचा द्वेष वगैरे नसतात. नव्या रचनेत एकाच वर्गातले विद्यार्थी वेगवेगळ्या गटांतून कोर्स निवडतात, प्रत्येकाच्या कोर्सना वेगळे कोड असतात, आणि एक कोड चुकीच्या ओळीत भरला गेला की पुढचा सगळा हिशोब त्या चुकीवरच उभा राहतो. मागच्या वर्षी एखादा कोर्स 2 क्रेडिटचा होता आणि यंदा 4 चा झाला, पण निकालाच्या प्रणालीत जुनीच नोंद राहिली, असेही होते. म्हणून तुमच्या वर्गातल्या, तोच गट निवडलेल्या आणखी दोघांचे निकाल याच रीतीने तपासून पाहा. त्यांच्याही निकालात तीच चूक निघाली तर ती प्रणालीतली आहे. मग अर्ज एकट्याने करण्याऐवजी सगळ्यांनी मिळून केलेला बरा.

एका कोर्सचेच क्रेडिट चुकले तर

अदलाबदल नसेल आणि फक्त एका कोर्सचे क्रेडिट जास्त किंवा कमी धरले असेल, तर एकूण क्रेडिटही बदलते. वरच्याच विद्यार्थिनीच्या मूल्यवर्धित कोर्सला 2 ऐवजी 3 क्रेडिट धरली आहेत असे समजा. बेरीज 119 अधिक 4 म्हणजे 123 होते, एकूण क्रेडिट 21, आणि एसजीपीए 5.86 छापला जातो. हा आकडा तिने 20 ने गुणला तर 117.2 येतात. क्रेडिट आणि ग्रेड पॉइंट दोन्ही पूर्ण अंक असतील तर त्यांच्या गुणाकारांची बेरीजही पूर्णांकच यायला हवी. दोन दशांशांपर्यंत आकडा गोल केल्याने 20 क्रेडिटला जास्तीत जास्त 0.1 इतका फरक पडू शकतो, 0.2 नाही. म्हणजे भागाकार 20 ने झालेलाच नाही. मग 21 ने गुणून पाहा: 123.06. पूर्णांकाच्या अगदी जवळ. आता कळले की 1 क्रेडिट जास्त धरले आहे आणि त्यामुळे 123 वजा 119 म्हणजे 4 गुण जास्त आले आहेत. 4 ग्रेड पॉइंट असलेला कोर्स एकच आहे.

ही युक्ती दर वेळी लागू पडेलच असे नाही. कधी कधी चुकीचा आकडाही योगायोगाने पूर्णांक देतो. अर्ध्या क्रेडिटचे कोर्स असतील तर ती तशीच वापरता येणार नाही. तरी कुठे शोधायचे हे ती बऱ्याचदा दाखवते.

आता याच तक्त्यातली एक फसवी चूक पाहा. कौशल्य कोर्सला 3 ऐवजी 4 क्रेडिट धरली, तर बेरीज 125, क्रेडिट 21, आणि एसजीपीए 5.95. बरोबर हिशोबातही 5.95 च होता! कौशल्य कोर्सचा 6 हा अंक तिच्या सरासरीला इतका लागून आहे की त्याचे वजन वाढले तरी सरासरी हलत नाही. एसजीपीए जुळला म्हणून ती निर्धास्त राहील. पण त्या सत्राची क्रेडिट 20 ऐवजी 21 मोजली गेली आहेत. पुढे सीजीपीए काढताना ते सत्र थोडे जड होईल, आणि पदवीसाठी लागणारी क्रेडिट मोजताना हिशोब अडेल. आयोगाच्या आराखड्यात तीन वर्षांच्या पदवीला किमान 120 क्रेडिट लागतात. त्यातले एक क्रेडिट खोटे निघाले आणि ते तिसऱ्या वर्षाच्या शेवटी कळले, तर दुरुस्तीला वेळ उरत नाही. म्हणून एसजीपीए जुळला तरी एकूण क्रेडिटची बेरीज वेगळी तपासा.

चूक तुमच्या फायद्याची असू शकते, हेही सांगायला हवे. तिच्या प्रात्यक्षिकाला 2 ऐवजी 4 क्रेडिट लागली असती, तर तिचा एसजीपीए 5.95 वरून 6.05 झाला असता. तेव्हा कुणी तक्रार करत नाही. पण मूळ गुणपत्रक दुरुस्त झाले की आधी मिळवलेल्या पात्रतेची पडताळणी पुन्हा होऊ शकते. आधीच कळवलेले बरे, असे आमचे मत आहे.

नापास झालेला आणि नंतर सुटलेला कोर्स

एफ मिळालेल्या कोर्सचा गुणाकार 0 असतो, पण त्याची क्रेडिट भागाकारात मोजली जातात. त्यामुळे सरासरी एकदम खाली येते. नंतर तो कोर्स सुटला की बहुतेक विद्यापीठांत जुन्या 0 च्या जागी नवा ग्रेड येतो आणि कोर्स एकदाच मोजला जातो. चूक होते ती जुनी ओळ तशीच राहिल्याने. 40 क्रेडिटना 240 गुण असतील तर सीजीपीए 6.00. सुटलेल्या 4 क्रेडिटच्या कोर्सची जुनी एफची ओळ हिशोबात राहिली तर भागाकार 44 ने होतो आणि सीजीपीए 5.45 दिसतो. तुमचा कोर्स सुटला आणि तरी सीजीपीए जवळजवळ जागचा हलला नाही, तर पहिली शंका हीच घ्या. तसेच जे कोर्स फक्त उत्तीर्ण होण्यापुरते असतात आणि ज्यांना क्रेडिट नसते, ते भागाकारात येता कामा नयेत.

चुकीचा परिणाम शिष्यवृत्तीपर्यंत कसा पोहोचतो?

आपल्या विद्यार्थिनीचे दुसरे सत्र 22 क्रेडिटचे होते आणि तिथे बेरीज 128 आली, म्हणजे एसजीपीए 5.82. तो निकाल बरोबर आहे. वर्षाचा हिशोब आता दोन प्रकारे होतो. चुकलेल्या पहिल्या सत्रासह 111 अधिक 128 म्हणजे 239, भागिले 42, म्हणजे 5.69. बरोबर हिशोबाने 119 अधिक 128 म्हणजे 247, भागिले 42, म्हणजे 5.88.

याचे टक्के कसे करायचे? इथे देशभर एकच सूत्र नाही, आणि इंटरनेटवर सापडलेले कुठलेही सूत्र वापरू नका. काही विद्यापीठे सीजीपीएला सरळ 10 ने गुणतात. काही ठिकाणी 9.5 ने गुणतात. काही विद्यापीठांत, विशेषतः तंत्रशिक्षणात, आधी 0.75 वजा करून मग 10 ने गुणतात. तिच्या विद्यापीठाचे सूत्र हे तिसरे आहे असे धरू. चुकलेल्या आकड्याने 5.69 वजा 0.75 म्हणजे 4.94, म्हणजे 49.4 टक्के. बरोबर आकड्याने 5.88 वजा 0.75 म्हणजे 5.13, म्हणजे 51.3 टक्के. अट 50 टक्क्यांची आहे. दोन कोर्सची क्रेडिट अदलाबदल झाल्याने 12,000 रुपये जातात.

हेच विद्यापीठ सरळ 10 ने गुणणारे असते तर तिला 56.9 टक्के मिळाले असते आणि चूक असूनही ती पात्र ठरली असती. सारख्याच ग्रेडच्या दोन विद्यार्थ्यांना विद्यापीठ वेगळे म्हणून टक्केवारी वेगळी मिळते, हा या पद्धतीतला उघड दोष आहे, आणि तो विद्यार्थ्याच्या हातात नाही. तुमच्या हातात एवढेच आहे की तुमच्या विद्यापीठाने लेखी दिलेले सूत्र वापरायचे. ते गुणपत्रकाच्या मागे, परीक्षा नियमांत किंवा परीक्षा विभागाने दिलेल्या रूपांतर प्रमाणपत्रात असते. पडताळणीच्या वेळी हा कागद जवळ असू द्या.

आणखी एक गोष्ट. अर्जात मागील वर्षाचे टक्के मागितले आहेत की आतापर्यंतचे एकूण, हे नीट वाचा. दुसऱ्या वर्षातून तिसऱ्या वर्षात जाताना गुणपत्रकावरचा सीजीपीए चारही सत्रांचा असतो. योजनेला फक्त मागचे वर्ष हवे असेल तर तिसऱ्या आणि चौथ्या सत्राचे गुणाकार व क्रेडिट एवढेच घेऊन वेगळा आकडा काढावा लागतो. पहिल्या वर्षी घसरलेल्या आणि दुसऱ्या वर्षी सावरलेल्या विद्यार्थ्याला याचा फायदा होतो.

चूक सापडल्यावर काय करायचे?

पुनर्मूल्यांकनाचा अर्ज करू नका. त्यात उत्तरपत्रिका पुन्हा तपासली जाते, त्याचे शुल्क लागते, आणि तुमचा ग्रेड तर बरोबरच आहे. तुम्हाला हवी आहे ती गुणपत्रकातील दुरुस्ती. अर्ज महाविद्यालयाच्या परीक्षा विभागामार्फत विद्यापीठाच्या परीक्षा नियंत्रकांना करायचा. ‘माझा सीजीपीए कमी आहे, कृपया तपासावा’ असे मोघम लिहिले तर उत्तरही मोघमच येते. चूक नेमकी लिहा. वरच्या विद्यार्थिनीचा अर्ज असा होईल:

‘पहिल्या सत्राच्या निकालात माझा एसजीपीए 5.55 दाखवला आहे. माझ्या प्रवेशवर्षाच्या अभ्यासक्रम रचनेनुसार गौण विषयाला 4 आणि मूल्यवर्धित कोर्सला 2 क्रेडिट आहेत. त्यानुसार क्रेडिट व ग्रेड पॉइंट यांच्या गुणाकारांची बेरीज 119 आणि एसजीपीए 5.95 येतो. या दोन कोर्सची क्रेडिट आपसात बदलली गेल्यास बेरीज 111 आणि एसजीपीए 5.55 येतो. तरी क्रेडिटची नोंद तपासून सुधारित गुणपत्रक द्यावे. ग्रेडबाबत माझी तक्रार नाही.’

सोबत निकालाची प्रत, रचनेचे संबंधित पान आणि तुमचा तक्ता जोडा. महाराष्ट्राबाहेर शिकत असाल तर हाच मजकूर तिथल्या कार्यालयाच्या भाषेत किंवा इंग्रजीत द्या, आकडे तेच राहतील. अर्जाच्या दुसऱ्या प्रतीवर तारखेसह पोच घ्यायला विसरू नका.

त्याच वेळी अॅकॅडमिक बँक ऑफ क्रेडिट्स, म्हणजे एबीसी, मधले आपले खाते उघडून पाहा. तिथे संस्थेने तुमच्या नावावर जमा केलेली क्रेडिट दिसतात. ती विद्यार्थ्याला स्वतः बदलता येत नाहीत, संस्थेलाच दुरुस्त करावी लागतात. गुणपत्रक सुधारले पण एबीसीतली नोंद जुनीच राहिली, तर दुसऱ्या विद्यापीठात जाताना हाच प्रश्न पुन्हा उभा राहील. म्हणून अर्जात दोन्ही ठिकाणच्या दुरुस्तीची मागणी करा.

शिष्यवृत्तीच्या अर्जात काय भरायचे, हा अवघड प्रश्न आहे, कारण मुदत दुरुस्तीची वाट पाहत नाही. तुमचा हिशोब कितीही बरोबर असला तरी स्वतः काढलेला आकडा अर्जात भरू नका. अर्जातला आकडा आणि जोडलेले गुणपत्रक जुळले नाही तर अर्ज पडताळणीत अडकतो. आधी तुमच्या संस्थेच्या नोडल अधिकाऱ्यांना भेटा, कारण राष्ट्रीय शिष्यवृत्ती पोर्टलवर पहिली पडताळणी त्यांच्याकडेच होते. त्यांना दुरुस्ती अर्जाची पोच दाखवा आणि मुदतीच्या आत सुधारित गुणपत्रक किंवा परीक्षा विभागाचे पत्र मिळण्याची शक्यता आहे का ते विचारा. अर्ज त्रुटीसाठी परत आला असेल तर ठरलेल्या मुदतीत तो दुरुस्त करून पुन्हा पाठवता येतो. या काळात सुधारित कागद हाती आला तर तोच जोडा.

दर सत्राला हाताने गुणाकार नको असतील तर मोबाइलमधल्या स्प्रेडशीटमध्ये दुसऱ्या ते आठव्या ओळीत कोर्स भरा. `B` स्तंभात क्रेडिट आणि `C` स्तंभात ग्रेड पॉइंट असे भरल्यावर हे सूत्र एसजीपीए देते:

```
=SUMPRODUCT(B2:B8,C2:C8)/SUM(B2:B8)
```

क्रेडिट मात्र निकालातून उतरवू नका, रचनेतूनच घ्या. निकालातलीच क्रेडिट भरली तर चुकीचा आकडा चुकीच्या आकड्याशी तंतोतंत जुळेल. तपासण्याची वेळही महत्त्वाची आहे. पहिल्या सत्राचा निकाल लागला त्याच आठवड्यात हे केले, तर नूतनीकरणाचा अर्ज उघडेपर्यंत दुरुस्तीला पूर्ण एक सत्र मिळते.